डेटाशीटवरचं ५६०: रँकिन मोजपट्टी नेमकी कशासाठी?

सई_पुणे

नमस्कार मंडळी. मी पुण्यात एका डिझाइन ऑफिसमध्ये प्रोसेसचं काम करते. सध्याचा क्लायंट अमेरिकन आहे, त्यामुळे सगळी पत्रकं फॅरनहाइट आणि पीएसआयमध्ये येतात. हवेच्या एका सेंट्रिफ्यूगल कॉम्प्रेसरचं डिस्चार्ज तापमान मी स्वतः पडताळून पाहते आहे. सक्शनला हवा १०० °F वर येते आणि प्रेशर रेशो ३ आहे. व्हेंडरच्या आकडेमोडीत १०० च्या जागी ५६० लिहिलंय आणि पुढे नुसतं °R. सीनियरांना विचारलं तर म्हणाले, "४६० मिळव आणि पुढे चल."

मिळवले. पण माझं उत्तर ३०६ °F येतंय आणि व्हेंडरच्या पत्रकावर ३७५ °F आहे. तेव्हा दोन प्रश्न. रँकिन म्हणजे फॅरनहाइट अधिक ४६० इतकंच असेल, तर त्याला स्वतंत्र मोजपट्टीचा मान कशाला? आणि मी सगळं केल्विनमध्ये नेऊन सोडवलं तर हा ६९ अंशांचा फरक जाईल का?

वाऱ्यावरची_वरात७

हा रँकिन सायकलवालाच रँकिन ना? का दुसरा कुणी?

बाष्पक

तोच. विल्यम जॉन मॅक्वॉर्न रँकिन, जन्म एडिंबरोचा, १८२० चा. ग्लासगो विद्यापीठात स्थापत्य आणि यंत्रशास्त्राचा प्राध्यापक होता. त्याच विद्यापीठात विल्यम थॉमसन शिकवत होता, जो पुढे लॉर्ड केल्विन झाला. थॉमसनने निरपेक्ष तापमानाची कल्पना १८४८ मध्ये मांडली. रँकिनची मोजपट्टी १८५९ ची, त्याचं वाफेच्या इंजिनांवरचं जाडजूड पुस्तक आलं त्याच वर्षीची. ते पुस्तक ज्या इंजिनवाल्यांसाठी होतं त्यांचे थर्मामीटर फॅरनहाइटचे होते. त्यांना सेल्सिअसकडे ओढत नेण्यापेक्षा त्यांच्याच अंशात निरपेक्ष शून्यापासून मोजायची सोय त्याने करून दिली.

सई, तुझ्या मुख्य प्रश्नाकडे संध्याकाळी येतो. नातवाला क्लासला सोडायचंय.

गणितमास्तर

मला तर हा फरक ४६० आणि ४५९.६७ मधला वाटतो. व्हेंडरने गोल आकडा घेतला असणार. घातांकात गेलं की छोट्या चुका मोठ्या होतात. शिवाय २०१९ मध्ये केल्विनची व्याख्या बदलली, आता ती बोल्ट्झमन स्थिरांकावर बांधली आहे, त्यामुळे ४५९.६७ हा आकडाही आता अंदाजेच धरायला हवा.

सई_पुणे

मास्तर, दोन्ही घालून बघितलं. ५६० आणि ४६० घेतले तर ३०६.५ येतं, ५५९.६७ आणि ४५९.६७ घेतले तर ३०६.४. एका दशांशाचा फरक पडतो. ६९ अंश त्यातून निघत नाहीत.

बाष्पक

आलो. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी "४६० का" ते बघू, कारण ते पाठ करायची गरजच नाही, काढता येतं. दाब तोच ठेवून हवा बर्फाच्या बिंदूपासून उकळत्या पाण्याच्या बिंदूपर्यंत तापवली तर तिचं आकारमान साधारण ३६.६ टक्क्यांनी वाढतं. फॅरनहाइटमध्ये हा पल्ला ३२ ते २१२, म्हणजे १८० अंशांचा. १८० अंशांत ०.३६६ वाढ, तर पूर्ण १ इतकं आकारमान आक्रसून शून्यावर यायला १८० भागिले ०.३६६, म्हणजे ४९२ अंश खाली जावं लागेल. बर्फ ३२ वर आहे. ३२ मधून ४९२ गेले, उरले उणे ४६०. खरी हवा तिथे पोचायच्या कितीतरी आधी द्रव होते, पण रेषा वाढवत नेली की ती याच जागी शून्याला भेटते. रँकिनने आपलं शून्य तिथे ठेवलं आणि अंशाची लांबी फॅरनहाइटचीच ठेवली. सेल्सिअसची पायरी घेऊन हाच हिशोब करा, उणे २७३ मिळेल. शून्य एकच, पायऱ्या वेगवेगळ्या. म्हणून रँकिनचा कुठलाही आकडा केल्विनच्या बरोबर १.८ पट असतो, त्यात मिळवणं-वजा करणं काही नाही. बर्फ २७३.१५ K, तर ४९१.६७ °R.

मास्तरांनी २०१९ चं काढलं म्हणून सांगतो. व्याख्या बदलली हे खरं. पण सेल्सिअस म्हणजे केल्विन वजा २७३.१५ हे नातं व्याख्येनेच ठरलेलं आहे, ते २०१९ नंतरही तसंच आहे. २७३.१५ गुणिले १.८ म्हणजे ४९१.६७, त्यातून ३२ गेले की ४५९.६७. हा आकडा नेमकाच आहे. २०१९ ला सुटला तो पाण्याचा त्रिक बिंदू. आधी तो २७३.१६ K असा ठरवून दिलेला होता, आता तो मोजायची गोष्ट झाली. वाफेच्या जुन्या पुस्तकांत मात्र ४६१ सापडतं, कारण त्या काळी हवेचं प्रसरण इतकं बारीक मोजलेलं नव्हतं. जुनं पुस्तक हाती आलं तर तो आकडा छपाईची चूक समजून खोडू नका.

आता स्वतंत्र मोजपट्टीचा मान कशाला. तुझ्या कॉम्प्रेसरचं सूत्र असं:

```
T2 = T1 × (P2/P1)^0.2857
```

यात T1 ला गुणायचं आहे. ३ चा ०.२८५७ वा घात १.३६९. म्हणजे हवा निरपेक्ष शून्यापासून जितकी वर होती त्याच्या १.३६९ पट वर जाते. फॅरनहाइटचं शून्य ही माणसाने सोयीने निवडलेली जागा आहे, तिथून मोजलेल्या उंचीची पट काढून हाती काही लागत नाही. नुसत्या १०० ला गुणलं तर १३७ °F येईल, आणि तीनपट दाबलेली हवा जेमतेम कोमट होते असं पत्रक म्हणेल. ५५९.६७ ला गुण, ७६६ °R येतात. ४५९.६७ वजा कर, ३०६ °F. तुझं उत्तर बरोबर आहे.

गेज दाब आणि अ‍ॅब्सोल्युट दाब यांचं जे नातं, तेच फॅरनहाइट आणि रँकिनचं. गेजवर शून्य दिसतं तेव्हा नळीत १४.७ पीएसआय हवा असतेच. रेशो काढताना तू १४.७ मिळवतेस ना? तसेच हे ४६०.

वाऱ्यावरची_वरात७

म्हणजे माझा १०२ ताप खरा ५६१.६७ आहे! उद्या ऑफिसला रजेच्या अर्जात हेच लिहितो.

मुक्ताई

लिहा, पण साहेबांना रँकिन कळत असेल तर रजा जाईल. ९८.४ म्हणजे ५५८.०७. तिथून ५६१.६७ पर्यंत वाढ एक टक्काही नाही.

हौशी_वाचक

मला हे °R ओळखीचं आहे, पण माझ्या आठवणीत पाणी ८० °R ला उकळतं! एकोणिसाव्या शतकातल्या रशियन गोष्टींच्या भाषांतरांत "बाहेर उणे वीस रेओम्यूर" असं वाचलंय. मग ५६० °R ला हवा कशी काय राहील, लोखंड वितळायला हवं की. सईताई, व्हेंडरने काहीतरी गडबड केली आहे.

बाष्पक

ते रेओम्यूर, फ्रान्सचे, रँकिनच्या सव्वाशे वर्षं आधीचे. त्यांच्या पट्टीत बर्फ शून्यावर आणि उकळतं पाणी ८० वर. तुमचे उणे वीस म्हणजे उणे २५ °C, रशियात अगदी रास्त. अक्षर दोघांचं एकच पडल्यामुळे काही जण रँकिनसाठी °Ra लिहितात. संदर्भावरून चटकन कळतं. खोलीच्या तापमानाला आकडा पाचशेच्या वर असेल तर रँकिन, वीसच्या आत असेल तर रेओम्यूर. (आणि हौशीराव, ५६० रेओम्यूर म्हणजे ७०० °C. लोखंड तेवढ्याने वितळत नाही, लालभडक मात्र होईल.)

गणितमास्तर

२०१९ चा मुद्दा पटला. तरी माझं म्हणणं कायम आहे. भारतात बसून रँकिन कशाला वापरायचं? आलेला फॅरनहाइट आधी सेल्सिअस करा, मग केल्विन, गणित सोडवा, शेवटी परत न्या. मुलांना एकच पट्टी शिकवली की गोंधळ कमी. सईच्या गणितात बघा: १०० °F म्हणजे ३७.७८ °C, म्हणजे ३१०.९३ K. गुणिले १.३६९, झाले ४२५.६ K. म्हणजे १५२.४ °C. म्हणजे ३०६ °F. तंतोतंत तेच.

ह्यूस्टनकर

मास्तर, गुणोत्तराच्या गणितात तुमचं शंभर टक्के बरोबर. १.८ वर-खाली दोन्हीकडे असतो, कटतो. अडचण येते ती सूत्रात वायूचा स्थिरांक शिरला की. मी इकडे नैसर्गिक वायूच्या कामात आहे. आमच्याकडे स्थिरांक १०.७३ घेतात, आणि तो पीएसआय, घनफूट, पाउंड-मोल आणि रँकिन या चौघांचा मिळून बनलेला आहे. त्यातला एक बदलला की बाकीचे तीन गप्प बसून चुकीचं उत्तर देतात.

नव्या मुलांच्या शीटमध्ये हे मी वारंवार बघतो. एक पाउंड-मोल वायू ६० °F आणि १४.६९६ पीएसआयला किती जागा घेतो ते काढायचं असतं. १०.७३ गुणिले ५१९.६७ भागिले १४.६९६, उत्तर साधारण ३७९ घनफूट. आमच्या धंद्यात हा आकडा सगळ्यांच्या जिभेवर असतो. कॉलेजातून केल्विनची सवय घेऊन आलेला मुलगा तिथे २८८.७ घालतो आणि २११ आणतो. तो आकडा वेडगळ दिसत नाही, म्हणून पुढे सरकतो. ओळखायची खूण एकच: ३७९ ला २११ ने भागा, १.८ येतं. उत्तर १.८ पटीने चुकलं असेल तर कुठेतरी केल्विन आणि रँकिन एकत्र नांदताहेत. आणि कुणी सरळ ६० घातले तर ४४ येतं, ते तर चटकनच डोळ्यात भरतं.

म्हणून माझा नियम, स्थिरांक ज्या पट्टीतला त्या पट्टीत राहायचं. अमेरिकन सूत्र असेल तर रँकिन.

गणितमास्तर

मग स्थिरांकच बदला ना! ८.३१४ घ्या आणि सगळं एसआयमध्ये करा.

ह्यूस्टनकर

करता येईल, पण क्लायंट पत्रक तपासताना त्याच्या ओळखीचा ३७९ शोधतो. तो सापडला नाही की प्रत्येक ओळीवर प्रश्न येतो. ज्याला पत्रक वाचायचंय त्याच्या एककात गणित असलं की चूक त्याच्याही नजरेला येते.

मुक्ताई

माझ्या वाट्याला रँकिन वेगळ्याच रूपात आला. मी जुन्या यंत्रांची मॅन्युअल मराठीत आणि मेट्रिकमध्ये करून देते. एका मॅन्युअलमध्ये "तापमान ३६ °F ने वाढेल" असं होतं. मदतीला असलेल्या मुलाने एक्सेलमध्ये हे केलं:

```
=CONVERT(36,"F","C")
```

उत्तर २.२. वाक्य झालं, "तापमान २.२ अंशांनी वाढेल." खरी वाढ २० °C होती. बेअरिंग गरम होतंय की नाही हे वाचणाऱ्याने त्यावरून ठरवायचं! एक्सेलची यात चूक नाही, त्याने ३६ हा थर्मामीटरवरचा बिंदू समजला. वाढ असेल तेव्हा ३२ वजा करायचेच नाहीत, नुसतं १.८ ने भागायचं. तसंच `"Rank"` घालून ३६ अंशांची वाढ रँकिनमध्ये मागितली तर ४९५.६७ मिळेल, आणि खरी वाढ ३६ ची ३६ च. मला रँकिनचा यातच उपयोग झाला. दोन तापमानं आधी रँकिनमध्ये लिहून वजाबाकी करून दाखवली, तेव्हा त्या मुलाच्या डोक्यात बसलं की फरकाला शून्य कुठे आहे याने काही होत नाही.

बाष्पक

मुक्ताताईंचा मुद्दा वहीत लिहून ठेवावा असा आहे. बिंदू वेगळा, अंतर वेगळं. म्हणूनच बीटीयू प्रति पाउंड प्रति °F आणि बीटीयू प्रति पाउंड प्रति °R हे दोन्ही एकच. कोष्टकात कुठे एक छापतात कुठे दुसरं, बदलायला जाऊ नका.

आमच्या औष्णिक केंद्रातलंही एक सांगतो. बाष्पकातून टर्बाइनकडे जाणारी वाफ बऱ्याच संचांत ५३८ °C च्या आसपास ठेवतात. ५३८ हा असा विचित्र आकडा का, असं शिकाऊ मुलं विचारायची. फॅरनहाइटमध्ये करून बघ म्हणायचो. बरोबर १००० °F. डिझाइन जिथून आलं तिथली गोल संख्या आपल्याकडे तिरपी होऊन उतरली. आता कंडेन्सर १०० °F ला धरला तर आदर्श इंजिनाची कमाल कार्यक्षमता किती? फॅरनहाइटने काढली तर १ वजा १००/१०००, म्हणजे ९० टक्के, ऐकूनच कोळशाच्या वॅगनी थांबवाव्यात. रँकिनने १ वजा ५५९.६७/१४५९.६७, म्हणजे ६१.७ टक्के. केल्विननेही ६१.७. आणि ती झाली आदर्श मर्यादा, खरा संच तिच्या बराच खाली चालतो.

वाऱ्यावरची_वरात७

एक शंका. केल्विनला अंशाचं चिन्ह नसतं म्हणतात, मग रँकिनला का?

ह्यूस्टनकर

केल्विनचं चिन्ह १९६७ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेने काढलं. रँकिन एसआयमध्येच नाही, त्यामुळे त्याच्याबाबत कुणी ठराव केला नाही. इकडच्या पुस्तकांत °R आणि R दोन्ही दिसतात. मी °R लिहितो, कारण नुसता R वायूच्या स्थिरांकाशी घोटाळतो.

सई_पुणे

सगळ्यांचे आभार, खूप उलगडलं. पण माझे ६९ अंश अजून लटकलेले आहेत! रँकिनने ३०६, केल्विनने ३०६, व्हेंडर म्हणतो ३७५.

ह्यूस्टनकर

सई, तुझं सूत्र आदर्श कॉम्प्रेसरचं आहे, आयसेंट्रॉपिक. खरं यंत्र हवा घुसळतं, त्यामुळे ती जास्त तापते. पत्रकावर कार्यक्षमता लिहिली आहे का बघ.

सई_पुणे

आहे! ७५ टक्के. मी ती फक्त पॉवर काढताना वापरायची असं समजत होते.

ह्यूस्टनकर

मग झालं. आदर्श वाढ ३०६.४ वजा १००, म्हणजे २०६.४ अंश. भागिले ०.७५, खरी वाढ २७५.२. त्यात सक्शनचे १०० मिळव: ३७५ °F. व्हेंडरचा आकडा.

इथे गंमत बघ. घाताच्या पायरीला रँकिन लागलाच, आणि ०.७५ ने भागताना तो नको होता. तिथे वाढीला भागायचं आहे, ७६६ °R ला भागलंस तर १०२१ °R येईल, म्हणजे ५६२ °F, आणि तू उगीच महागडं कूलर मागवशील.

मुक्ताई

आणि क्लायंटने सेल्सिअसमध्ये मागितलं तर माझ्या ३६ अंशांची आठवण ठेव. २७५.२ °F ची वाढ म्हणजे १५२.९ °C ची वाढ. ३२ वजा करून बसलीस तर १३५ येईल. ३७.८ मध्ये १५२.९ मिळवलेस की १९०.७ °C, तेच ३७५ °F. चूक केली तर १७२.९. कुठेही १७.८ अंश गायब दिसले की ३२ भागिले १.८ आठवायचं.

सई_पुणे

जुळलं! १९०.७ च येतंय. शीटमध्ये आता असं घातलंय, A2 सक्शन °F, B2 आणि C2 अ‍ॅब्सोल्युट दाब, D2 कार्यक्षमता:

```
=A2+(A2+459.67)*((C2/B2)^0.2857-1)/D2
```

४५९.६७ एकदाच आला, कारण कंसातून वाढच बाहेर पडते आणि वाढ दोन्हीकडे सारखी.

गणितमास्तर

सूत्र सुरेख. पण मी तिथे २७३.१५ च घातलं असतं. :)

बाष्पक

सई, एक राहिलं. ते ७५ टक्के आयसेंट्रॉपिक आहेत की पॉलिट्रॉपिक, पत्रकावर लिहिलंय का? सेंट्रिफ्यूगलवाले पुष्कळदा पॉलिट्रॉपिक देतात. तसे असतील तर घातांकालाच ०.७५ ने भागायचं, ०.३८१ होतो, आणि उत्तर ८५०.५ °R, म्हणजे ३९१ °F येतं. व्हेंडरचं ३७५ आहे त्यावरून आयसेंट्रॉपिक वाटतात. शिवाय हवा तापली की ०.२८५७ हा घातांकही थोडा खाली सरकतो, पण ते या पल्ल्यात फारसं नाही.

सई_पुणे

पत्रकावर नुसतं "कार्यक्षमता" आहे, काका. उद्या व्हेंडरला मेल टाकते.

ह्यूस्टनकर

टाक. ३७५ ला उलटं सोडवलं तर पॉलिट्रॉपिक साडेअठ्ठ्याहत्तर टक्के निघते, तीही सेंट्रिफ्यूगलला पटण्यासारखीच आहे. त्यामुळे नुसत्या आकड्याच्या रास्तपणावरून ठरणार नाही, लेखी उत्तर घे. सर्ज आणि ड्रायव्हरची पॉवर बघताना कुठली धरायची ते त्यावर अवलंबून आहे.